चार मिनिटांचा टोस्ट

धाकट्या भावाचं लग्न न्यू जर्सीला होतं. मुलगी अमेरिकन. सकाळी आपल्या पद्धतीचे विधी आणि संध्याकाळी रिसेप्शन. तिथे जेवणाआधी घरची दोन-तीन माणसं माइकवर बोलतात आणि शेवटी सगळे ग्लास उंचावतात. आमच्या बाजूने मी बोलायचं ठरलं. "ताई, चारच मिनिटं हं," भावाने बजावलं. टोस्ट संपले की किचनमधून सॅलड बाहेर येणार होतं. एक जण लांबला की पुढचं सगळं लांबणार.

पहिला मजकूर मी एका बैठकीत लिहिला. मनात वाचला तर तीन मिनिटांतच संपला. मग उभं राहून, मोठ्याने, मोबाइलवर वेळ लावून वाचला. पाच मिनिटांच्या वर गेला. मनातल्या मनात आपण भराभर वाचतो, तोंडाने बोलताना श्वास घ्यावा लागतो. त्यामुळे मनात वाचून वेळ कधीच कळत नाही.

म्हणून आधी स्वतःचा वेग मोजला. मजकुरातला एक इंग्रजी परिच्छेद समोर कुणी बसलंय असं धरून बोलले आणि शब्दांना मिनिटांनी भागलं. मिनिटाला साधारण १२० शब्द आले. इंग्रजीत सावकाश, स्पष्ट बोलणाऱ्याचा वेग सहसा १२० ते १४० च्या आसपास असतो, त्यामुळे तो आकडा मला पटला. पण आईसाठी आणि काकांसाठी मला थोडं मराठीत बोलायचं होतं. तो भाग वेगळा मोजला तर ९० च भरले. आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात, शब्द लांब होतात. इंग्रजीचा हिशोब मराठीला लावला असता तर तिथेच वेळ हुकली असती.

मग पुन्हा लिहिण्याआधी आराखडा केला. चार मिनिटं म्हणजे २४० सेकंद. त्यातले ४० सेकंद न बोलण्याचे: सुरुवातीला टाळ्या थांबेपर्यंत १०, किश्श्यावर हसण्याचे १५ आणि शेवटी सगळ्यांच्या हातात ग्लास येईपर्यंत १५. हे शेवटचे पंधरा सेकंद बहुतेक जण धरतच नाहीत. "ग्लास उचला" म्हटल्यावर लोक आधी ग्लास शोधतात, कुणी खुर्ची सरकवून उभं राहतं. ते होईपर्यंत गप्प राहावं लागतं, नाहीतर आशीर्वादाचं वाक्य त्या गडबडीत कुणाला ऐकूच येत नाही.

उरले २०० सेकंद. मी कोण हे सांगायला २० सेकंद, म्हणजे ४० शब्द. भावाच्या किश्श्याला ८० सेकंद, १६० शब्द. वहिनीविषयी ४० सेकंद, ८० शब्द. मराठीला ४० सेकंद, पण शब्द ६० च. शेवटच्या शुभेच्छांना २० सेकंद, ४० शब्द. सगळे मिळून ३८० असं नव्हे, तर ३२० इंग्रजी आणि ६० मराठी, असं दोन रकान्यांत लिहून ठेवलं.

एवढी जागा म्हटल्यावर किस्सा एकच बसतो. बाकीचे काढताना जीवावर आलं, विशेषतः बाबांच्या आठवणी. ठेवला तो रेडिओचा. दहा वर्षांचा असताना भावाने बाबांचा रेडिओ खोलला, परत जोडला, तो वाजलाही, पण एक स्क्रू उरला. तो त्याने पोळ्यांच्या डब्यात लपवला आणि आईच्या हाताला लागला. अजूनही त्याच्या घरी उरलेल्या स्क्रूंची बरणी आहे, आणि वहिनीने ती फेकून न देता त्यावर झाकण बसवलं. त्यामुळे किश्श्यातून थेट तिच्याकडे वळता आलं, जोडवाक्यांत शब्द गेले नाहीत.

कार्डावर पूर्ण मजकूर नव्हता. प्रत्येक भागाचे दोन-तीन शब्द आणि तो कधी संपायला हवा ती वेळ, एवढंच: ०:३०, २:०५, २:४५, ३:२५, ३:४५. किश्श्यातल्या दोन वाक्यांना कंस केला होता. ती गाळली तरी अर्थ तुटत नव्हता आणि वीस सेकंद वाचत होते.

त्या संध्याकाळी हॉलमध्ये आवाज घुमत होता, म्हणून प्रत्येक वाक्यानंतर थोडं थांबावं लागलं. पोळ्यांच्या डब्यावर लोक माझ्या अंदाजापेक्षा जास्त हसले. समोरच्या टेबलावर ठेवलेल्या घड्याळात मी मागे पडलेय हे दिसलं, आणि कंसातली वाक्यं सोडून दिली. मराठी भागात माझा आवाज भरून आला, तिथेही काही सेकंद गेले. आईने सफरचंदाच्या रसाचा ग्लास आधीच उचलून धरला होता. मी सगळ्यांना उभं राहायला सांगितलं, खुर्च्यांचा आवाज थांबू दिला आणि मगच दोघांची नावं घेतली. माइक परत दिला तेव्हा चार मिनिटांवर काही सेकंदच झाले होते आणि सॅलड वेळेवर आलं.