बिननावाची पत्रं

आमच्या आईची गुंतवणूक साताऱ्याच्या घरातल्या लोखंडी ट्रंकेत, लग्नातल्या शालूच्या घडीत असायची. तिची नोकरी नव्हती आणि बँकेत खातंही नव्हतं. घरखर्चातून मागे पडलेले पैसे ती आधी भिशीत घालायची. भिशी लागली की कुणाला तरी बरोबर घेऊन पोस्टात जायची आणि इंदिरा विकास पत्रं आणायची. ही योजना १९८६ साली आली. पाचशेचं पत्र अडीचशेला मिळायचं आणि सुरुवातीच्या काळात पाच वर्षांत दाम दुप्पट व्हायचं. पण बायकांना त्याची खरी गोडी वेगळ्याच कारणाने होती. त्या पत्रावर नाव नसायचं. ज्याच्या हातात पत्र, त्याचा पैसा. सही जुळवणं नाही आणि ‘मिस्टरांना विचारलंत का’ हा प्रश्नही नाही.

त्याची किंमतही मोजावी लागे. हरवलं, चोरीला गेलं, वाळवीने खाल्लं, तर दुसरी प्रत मिळत नसे. आमच्या वाड्यातल्या एका काकूंनी पत्रं ठेवलेलं जुनं लुगडं बोहारणीला देऊन टाकलं. त्या बदल्यात आलेलं पातेलं त्यांच्या घरात पुढे फार कुणी वापरलं नाही. पोस्टाच्या आवर्ती ठेवीचे पैसे न्यायला घरी येणाऱ्या एजंटबाई त्यावर म्हणाल्या होत्या, “नावावर ठेवा हो, नावावर.” आई नुसती हसायची. नावावर ठेवलं म्हणजे कागद आला आणि कागद आला की तो कुणाच्या तरी हाती लागणार, हे तिला पक्कं माहीत होतं.

१९९९मध्ये ती पत्रं बंद झाली. डब्यात लपवलेले पैसे मात्र त्यानंतरही वर्षानुवर्षं तसेच राहिले. ८ नोव्हेंबर २०१६च्या रात्री नोटा बाद झाल्या, तेव्हा घरोघरच्या बायकांना ते नवऱ्यापुढे काढून ठेवावे लागले. काही जणींना पुढे आयकर खात्याची नोटीस आली. अशाच एका गृहिणीच्या प्रकरणात प्राप्तिकर अपिलीय न्यायाधिकरणाच्या आग्रा खंडपीठाने २०२१मध्ये निकाल दिला, की त्या काळात गृहिणीने खात्यात भरलेली अडीच लाखांपर्यंतची रोकड हे तिचं बेहिशेबी उत्पन्न मानायचं नाही. घरखर्चातून बाई पैसे मागे टाकू शकते, हे आईला कोणत्याही निकालाशिवाय ठाऊक होतं. ते न्यायाधिकरणाकडून वदवून घ्यावं लागलं, याची मला आजही गंमत वाटते.

आता माझ्या धाकट्या जावेचं पाहा. ती डोंबिवलीत राहते आणि तिचीही स्वतःची कमाई नाही. पण तिच्या नावावर मुदत ठेव, पीपीएफ, दोन म्युच्युअल फंड आणि डीमॅट खातं असं सगळं आहे. पॅन तिचं आणि सहीही तिचीच. पण एकदा सहज विचारलं, “ओटीपी कुणाच्या फोनवर येतो गं?” तर म्हणाली, “यांच्या.” ईमेलही ‘यांचाच’. केवायसीच्या फॉर्मवर मोबाइल स्वतःचा की जोडीदाराचा असा रकाना असतो. तिथे दिरांनी सोयीसाठी जोडीदारावर खूण केली होती. आईच्या पैशावर तिचं नाव नव्हतं, पण तो सगळा तिच्या हातात होता. जावेच्या सगळ्या पैशावर तिचं नाव होतं आणि हातात काहीच नव्हतं. या बाबतीत आई पुढे होती, असंच मी म्हणेन.

दुरुस्तीला तिथूनच सुरुवात झाली. बँक आणि केवायसी, दोन्हीकडे तिने स्वतःचा नंबर आणि स्वतःचा ईमेल लावला. बँकेत लावला तरी फंडाकडे तो आपोआप बदलत नाही, हे तिला दुसरा ओटीपीही दिरांच्याच फोनवर गेला तेव्हा कळलं. मग पॅनवरची सगळी गुंतवणूक एकत्र दाखवणारं विवरणपत्र तिच्याच ईमेलवर यायला लागलं. त्यातून तिला समजलं, की एका फंडात आपण समजत होतो त्यापेक्षा बरेच पैसे आहेत आणि दुसऱ्यात नॉमिनी म्हणून कुणाचंच नाव नाही.

दुसरी गोष्ट आईच्या काळात कुणाला सुचलीही नसती. पैसा आला कुठून, यावर त्याचा कर ठरतो. दिरांनी तिला ५ लाख रुपये दिले होते आणि त्यांची ७ टक्क्यांची ठेव केली होती. बायकोला पैसे देण्यावर कर नाही. पण त्या ठेवीचं वर्षाचं ३५,००० रुपये व्याज दिरांच्याच उत्पन्नात धरलं जातं. १९६१च्या कायद्यात हे कलम ६४खाली येत असे आणि नव्या कायद्यातही तत्त्व तेच आहे. दीर ३० टक्क्यांच्या टप्प्यात, म्हणजे उपकर धरून १०,९२० रुपये कर. ‘बायकोच्या नावावर टाकलं, कर वाचला’ ही समजूत इथेच कोसळते. मात्र तेच ३५,००० तिने वेगळ्या ठेवीत घातले, तर पुढच्या वर्षीचं २,४५० रुपये व्याज तिचं स्वतःचं. व्याजावरचं व्याज नवऱ्याच्या उत्पन्नात धरलं जात नाही.

माहेरून मिळालेल्या पैशाला हा नियम लागूच होत नाही. वडिलांनी दिलेले २ लाख आणि त्यांवर मिळेल ते सगळं तिचंच. अडचण अशी, की हे दोन पैसे तिच्या एकाच खात्यात मिसळले होते, विरजण लागलेल्या दुधासारखे. कुठल्या रुपयाची कुठली ठेव, हे सांगता येईना. म्हणून तिने माहेरच्या पैशासाठी निराळं बचत खातं उघडलं आणि त्यातूनच एक एसआयपी सुरू केली. नवऱ्याकडून येणारे पैसे ती आता आधी पीपीएफमध्ये घालते. तिथलं व्याज करमुक्त असल्यामुळे ते कुणाच्या उत्पन्नात धरलं तरी बिघडत नाही. मर्यादा वर्षाला दीड लाखाची, आणि पंधरा वर्षं पैसा जवळजवळ अडकून राहतो, हे मात्र धरून चालावं लागतं.

एवढं होऊनही ती फंडाला हात लावायला घाबरायची. भरणं जमायचं, काढणं नाही. मी म्हटलं, पाच हजार काढून बघ. वर्षाच्या आत काढले तर बऱ्याच इक्विटी फंडांत सुमारे एक टक्का कापतात, म्हणून सर्वांत जुनी युनिटं असलेला फंड निवडला. तिने स्वतःच्या फोनवर विनंती टाकली, ओटीपी स्वतः घातला आणि दोन-तीन कामकाजाच्या दिवसांत पैसे खात्यात आले. तोवर तिच्या लेखी तो फंड म्हणजे पडद्यावरचा आकडा होता. एसआयपीची वीस वर्षांची कोष्टकं दाखवणारे सल्लागार ही पाच हजारांची चाचणी का करायला लावत नाहीत, कोण जाणे.

एक गाठ अजून सुटलेली नाही. दरमहा येणारा पैसा दिरांच्या पगारातूनच येतो आणि तो मागावा लागतो. त्यावर तिने बँकेत स्थायी सूचना देण्याचा तोडगा काढला. पगार झाला की दुसऱ्या दिवशी ठरलेली रक्कम किराणा-दुधाच्या आधी तिच्या खात्यात जावी. पहिल्यांदा दीर म्हणाले, “मी कधी नाही म्हटलंय का?” तीही शांतपणे म्हणाली, “नाही ना, मग सूचना द्यायला काय हरकत?” रक्कम किती असावी यावर मात्र दोघांचं अजून एकमत नाही. तिला आठ हजार हवेत, दीर पाचावर अडून आहेत.