नुसते ‘ऐकू येते’

प्रागमधील माझ्या भाच्याच्या घराची भिंत पातळ. पलीकडच्या गृहस्थांचे संगीत रोज संध्याकाळी तिच्यातून येते आणि तान्ह्या मुलाची झोप मोडते. पण शेजाऱ्याशी वैर धरून परक्या गावी राहावे कसे? मला थोडी चेक येते, म्हणून त्याने चिठ्ठीचा मसुदा माझ्याकडे पाठविला.

मसुद्यात रात्रीच्या शांततेचा नियम होता. तो मी प्रथम काढला. तेथे कायद्याने रात्र १० ते सकाळी ६ अशी धरतात. आठ वाजताच्या गाण्याला तो नियम लागू नाही. आणि कायदा दाखविला की विनंतीची तक्रार होते.

‘तुम्ही मोठ्याने वाजविता’ हेही खोडले. त्याऐवजी लिहिले, ‘उ नास ये हुद्बा स्लिशेत’, आमच्याकडे संगीत ऐकू येते. मराठीप्रमाणेच येथे वाजविणारा वाक्यात येत नाही. म्हणून कोणी दोषीही ठरत नाही. पुढे ‘मूझेते’, म्हणजे ‘करू शकता का’, बदलून ‘मोहल बिस्ते’, ‘करू शकाल का’, असे केले. या संकेतार्थाने समोरच्याला नकाराची मोकळीक राहते. आरंभी संबोधनाच्या रूपातले ‘पाने सोउसेदे’, अहो शेजारी. अखेरीस आगाऊ आभार, नाव आणि मजला. निनावी चिठ्ठी धमकीसारखी वाटते.

चार ओळींत ‘बंद करा’ कोठेच नव्हते. मागितले होते ते ‘त्रोखु’, थोडेसे हळू.