उणे दोन कुठून आलं?

अकरावी सायन्सच्या वर्गात लॉगची समीकरणं सुरू करताना मी फळ्यावर पहिलं उदाहरण बहुतेक वेळा हेच लिहितो:

log₂ x + log₂ (x − 2) = 3

दिसायला साधं आहे, पण x दोन लॉगच्या आत आहे आणि दोन्हीकडे वेगवेगळ्या रूपात आहे. घाईतली मुलं दोन्ही लॉग पुसतात, उजवीकडे 3 ऐवजी 2³ म्हणजे 8 लिहितात आणि x + x − 2 = 8 वरून x = 5 काढतात. मी त्यांना ताळा करायला सांगतो. log₂ 5 येतं सुमारे 2.32 आणि log₂ 3 सुमारे 1.58. बेरीज 3.9 च्या आसपास जाते, 3 होत नाही. दोन्ही बाजू 2 च्या डोक्यावर चढवायच्या म्हणजे संपूर्ण डावी बाजू एकत्र घातांकात न्यायची. घातांकातली बेरीज खाली उतरली की तिचा गुणाकार होतो, बेरीज राहत नाही. म्हणून आधी दोन लॉगांचा एक लॉग करायचा: log₂ [x(x − 2)] = 3. मग लॉग काढायचा: x(x − 2) = 8. म्हणजे x² − 2x − 8 = 0, अवयव (x − 4)(x + 2), उत्तरं 4 आणि −2.

यापुढे वर्गात ठरलेलं वाक्य येतं: ‘ऋण संख्येचा लॉग नसतो, म्हणून −2 सोडून द्या.’ मुलं ते वहीत उतरवतात आणि पुढच्या उदाहरणाकडे वळतात. एका वर्षी मात्र दुसऱ्या बाकावरची एक मुलगी वळली नाही. तिने −2 ही किंमत मूळ समीकरणात न घालता एकत्र केलेल्या ओळीत घालून पाहिली होती. ‘सर, −2 गुणिले −4 म्हणजे 8. log₂ 8 म्हणजे 3. अगदी बरोबर येतंय. मग चुकीचं का म्हणायचं? आणि चुकीचं असेल तर ते आलं कुठून? आपण तर एकही पायरी चुकवली नाही.’

प्रश्न इतका रास्त होता की उरलेला तास मी त्यालाच दिला. ‘सोडून द्या’ या दोन शब्दांत जे दडपलं जातं, तेच या प्रकरणाचं मर्म आहे असं मला तेव्हापासून ठामपणे वाटत आलं आहे.

आम्ही ओळी उलट्या क्रमाने तपासत वर गेलो. वर्गसमीकरणात −2 चालतं. x(x − 2) = 8 मध्येही चालतं. log₂ [x(x − 2)] = 3 मध्येही चालतं, ते तिने दाखवलंच होतं. पहिल्या ओळीत मात्र log₂ (−2) लिहावं लागतं, आणि 2 चा कुठलाही घात घेतला तरी −2 मिळत नाही. म्हणजे −2 शिरलं ते पहिल्या आणि दुसऱ्या ओळीच्या मधे. लॉग काढून टाकताना ते आलं असेल असा मुलांचा अंदाज होता, पण ते त्याच्या एक पायरी आधी, दोन लॉग एकत्र करताना आलं.

मग नियमाचीच सिद्धता पुन्हा फळ्यावर आली. M = 2ᵖ आणि N = 2ᵠ धरायचं. MN = 2ᵖ⁺ᵠ, म्हणून log₂ MN = p + q, म्हणजेच log₂ M + log₂ N. सिद्धतेच्या पहिल्याच वाक्यात M आणि N यांना 2 चे घात मानलं आहे, म्हणजे दोघंही धन आहेत हे त्यात गृहीतच आहे. पुस्तकात ही अट नियमाशेजारी बारीक अक्षरात असते आणि मुलं ती वाचत नाहीत. डावीकडे दोन वेगळे लॉग असतात तेव्हा x > 0 आणि x − 2 > 0 या दोन्ही अटी लागू असतात, म्हणजे x हा 2 पेक्षा मोठा हवा. एक लॉग केला की अट एकच उरते: गुणाकार धन हवा. दोन ऋण संख्यांचा गुणाकारही धनच असतो, म्हणून एकत्र करताना x साठी एक नवा प्रदेश उघडतो, शून्याच्या डावीकडचा. −2 तिथलं आहे.

हे नुसतं ऐकून पटत नाही, म्हणून मी आलेखाचा कागद काढायला लावला. y = log₂ x + log₂ (x − 2) ची वक्ररेषा 2 च्या उजवीकडेच आहे: x = 3 ला उंची सुमारे 1.58, x = 4 ला बरोबर 3. y = log₂ (x² − 2x) काढली तर उजवीकडे तीच रेषा येते, पण शून्याच्या डावीकडे तिचं हुबेहूब प्रतिबिंब उमटतं, x = 1 या उभ्या रेषेत आरसा धरल्यासारखं. x = −1 ला 1.58, x = −2 ला 3. y = 3 ही आडवी रेषा दोन्ही फांद्यांना छेदते. उजवी फांदी आपल्या समीकरणाची आहे. डावी आपणच, नियम अटीशिवाय वापरून, निर्माण केली. ती मुलगी पेन्सिल थांबवून म्हणाली, ‘म्हणजे −2 हे दुसऱ्याच समीकरणाचं खरं उत्तर आहे.’ याहून नेमकं मला सांगता आलं नसतं.

लॉग काढण्याची पायरी इथे निर्दोष ठरली, पण ती कायम तशी असते असं नाही. आपल्या उदाहरणात उजवीकडे संख्या होती. गुणाकार 8 इतका आला की तो आपोआप धन असतो, त्यामुळे त्या पायरीवर काही नवं शिरायला वाव नव्हता. दोन्ही बाजूंना लॉग असले की गोष्ट बदलते. log₂ (2x − 5) = log₂ (x − 3) घ्या. लॉग काढले की 2x − 5 = x − 3, म्हणजे x = 2. आणि x = 2 ला दोन्ही कंसांची किंमत −1. इथे काहीच एकत्र केलेलं नाही. खोटं उत्तर लॉग पुसताना आलं, कारण ‘दोन्ही समान’ एवढंच मागे उरलं आणि ‘दोन्ही धन’ गळून पडलं. उत्तर कुठल्या पायरीवर शिरलं हे उदाहरणागणिक पाहावं लागतं, म्हणून अटी अगदी सुरुवातीला, मूळ समीकरण समोर असतानाच लिहून ठेवायला मी सांगतो.

‘ऋण उत्तर टाकून द्या’ हा वर्गात फिरणारा सोपा नियम मला सगळ्यांत धोकादायक वाटतो, कारण पहिल्या काही उदाहरणांत तो बरोबर निघतो. त्यानंतर मी हे देतो:

log₂ (1 − x) + log₂ (3 − x) = 3

एकत्र करून (1 − x)(3 − x) = 8, म्हणजे x² − 4x − 5 = 0, उत्तरं 5 आणि −1. अर्धा वर्ग सवयीने −1 वर काट मारतो आणि 5 भोवती चौकट करतो. ताळा केला की चित्र पालटतं. x = −1 घातल्यावर कंसात 2 आणि 4 येतात, त्यांचे लॉग 1 आणि 2, बेरीज 3. x = 5 घातलं की कंसात −4 आणि −2. धन उत्तर खोटं, ऋण उत्तर खरं. चिन्ह पाहायचं ते x चं नव्हे, लॉगच्या आतल्या कंसाचं.

याच्याच जोडीची आणखी एक गफलत असते. log₂ x + log₂ (2x + 3) = 1 सोडवताना 2x² + 3x − 2 = 0 येतं, उत्तरं ½ आणि −2. −2 जातं, ½ राहतं. पण ½ चा ताळा करताना log₂ ½ = −1 दिसलं की काही मुलं दचकतात आणि तेही खोडतात. लॉगची किंमत ऋण असायला काहीच हरकत नाही. −1 आणि log₂ 4 = 2 मिळून 1 होतं, उत्तर पक्कं आहे. लॉग टेबल वापरणाऱ्या जुन्या पिढीला हे सांगावं लागत नसे. 0.02 चा लॉग ‘बार दोन’पासून सुरू करून लिहायची त्यांना रोजची सवय होती. त्याच टेबलात ऋण संख्येसाठी मात्र जागाच नव्हती. ऋण संख्यांचा गुणाकार असला तर चिन्ह बाजूला ठेवायचं, धन आकड्यांचे लॉग घ्यायचे आणि शेवटी चिन्ह परत लावायचं. नेपिअरने १६१४ साली आपली कोष्टकं छापली ती मोठमोठे गुणाकार बेरजेवर आणण्यासाठी, आणि त्या कामाला धन संख्या पुरेशा होत्या.

आतापर्यंत जास्तीची उत्तरं आली, पण उत्तर हरवूही शकतं, आणि ते मला अधिक वाईट वाटतं. जास्तीचं उत्तर ताळ्यात सापडतं, हरवलेलं सापडत नाही. log₁₀ (x − 3)² = 2 या समीकरणात मुलं घात पुढे आणतात: 2 log₁₀ (x − 3) = 2, मग log₁₀ (x − 3) = 1, x = 13. ताळा अगदी बरोबर येतो आणि कुणाला शंकाही येत नाही. पण लॉग थेट काढला तर (x − 3)² = 100, म्हणजे x − 3 हा 10 किंवा −10, आणि उत्तरं 13 आणि −7. −7 मूळ समीकरणात घालून पाहा: (−10)² = 100, त्याचा लॉग 2. घात पुढे आणताना x > 3 ही अट नकळत लादली गेली आणि −7 बाहेर राहिलं. एकत्र करताना प्रदेश वाढतो, फोडताना तो आक्रसतो. म्हणूनच मी एकत्र करण्याची दिशा पसंत करतो. तिथे ताळा आपल्याला वाचवू शकतो.

त्या प्रकरणाच्या शेवटच्या तासाला मी सरावासाठी हे लिहिलं:

log₂ (x − 5) + log₂ (2 − x) = 1

वर्गाने भराभर सोडवलं. (x − 5)(2 − x) = 2, म्हणजे x² − 7x + 12 = 0, उत्तरं 3 आणि 4. दोन्ही पूर्णांक, दोन्ही धन, अवयवही चटकन पडलेले. बऱ्याच वह्यांत दोन्हीभोवती चौकटी झाल्या. दुसऱ्या बाकावरच्या त्या मुलीने वर्गसमीकरण मांडलंच नव्हतं. तिच्या वहीत तीन ओळी होत्या: x > 5. x < 2. उकल नाही.

शेजारच्या मुलाला ते पटेना. तो 3 घालून पाहू लागला. x − 5 म्हणजे −2, 2 − x म्हणजे −1, गुणाकार 2. ‘बघ, 2 आलं की,’ तो म्हणाला. तिने आपली वही बाजूला सारली आणि आलेखाचा कागद त्याच्यापुढे ओढला.