अधिकाचा एक ‘नॉट’

गौतमपुऱ्यात निवृत्तीचे दिवस घालवताना जुने कागद चाळण्याचा छंद जडला आहे. परवा एका टिपणीची प्रत हाती आली आणि चाळीस वर्षांपूर्वीची खंत पुन्हा जागी झाली. एका कर्मचाऱ्याची वेतनवाढ रोखण्याचा आदेश मी इंग्रजीत लिहिला होता : ‘इन्क्रिमेंट शॅल नॉट बी रिलीज्ड अनटिल द सर्टिफिकेट इज नॉट रिसीव्ह्ड.’

मला म्हणायचे होते, प्रमाणपत्र मिळत नाही तोपर्यंत वेतनवाढ देऊ नये. कर्मचाऱ्याने उत्तर दिले, ‘साहेब, प्रमाणपत्र आज मिळालेले नाही, म्हणजे तुमची अट पूर्ण झाली, वेतनवाढ द्यावी.’ शब्दशः तो बरोबर होता. फाइल दोन महिने फिरली, त्याचा पगार अडकला, आणि दोष माझा होता.

हा दोष आपल्या घरातून येतो. मराठीतील ‘तोपर्यंत’ पूर्ण कालखंड दाखवतो. त्या काळात प्रमाणपत्र नसते, म्हणून ‘नाही’ आवश्यकच. हिंदीतील ‘जब तक नहीं’ही तसेच. इंग्रजीतील ‘अनटिल’ मात्र कालखंडाचा शेवटचा क्षण दाखवतो, म्हणजे प्रमाणपत्र मिळण्याचा क्षण. तेथे ‘नॉट’ला जागा नाही. ‘नॉट’ ठेवायचाच असेल, तर ‘सो लाँग अ‍ॅज’ लिहावे. ‘अनलेस’मध्येही नकार आधीच दडलेला असतो.

दुसरी सवय अशीच. ‘कोणी काही बोलले नाही’ या वाक्यात नकार एकच आहे, तो क्रियापदापाशी. ‘कोणी’ आणि ‘काही’ स्वतः नकारार्थी नाहीत. इंग्रजीतील ‘नोबडी’ व ‘नथिंग’ यांच्या पोटातच नकार असतो. म्हणून क्रियापदाला नकार देण्याची सवय असलेला आपला माणूस ‘नोबडी डिडन्ट से नथिंग’ म्हणतो. त्याने ‘नोबडी सेड एनीथिंग’ म्हणावे.

इंग्रजी पहिल्यापासून अशी काटेकोर नव्हती. चॉसरच्या चौदाव्या शतकातील लेखनात एकामागून एक नकार येऊन अर्थ बळकट करतात, आणि इंग्लंड-अमेरिकेतील बोलींत आजही तसेच चालते. अठराव्या शतकापर्यंत प्रमाण लेखनातून ही रीत मागे पडली होती. बिशप लौथसारख्या व्याकरणकारांनी मग दोन नकार परस्परांना खोडतात, असा नियम केला. म्हणजे बोलीतला दुहेरी नकार अडाणीपणा नव्हे. कार्यालयीन कागदावर मात्र तो दोन अर्थांना वाट देतो.

आता नातवंडांची पत्रे तपासताना मी एकच कसोटी सांगतो : वाक्यातील नकार बोटांवर मोजा, आणि ‘अनटिल’, ‘अनलेस’, ‘नोबडी’ यांनाही एकेक बोट द्या. दुसरे बोट उठले, की थांबून पुन्हा वाचा. माझे बोट त्या दिवशी उठले असते, तर एका घरी दोन महिन्यांचा पगार वेळेवर पोहोचला असता.