'गर्म हवा' आणि टीव्हीची घाई

नव्या, मोठ्या टीव्हीवर जुना चित्रपट लावला की तो काहीतरी वेगळाच दिसतो. नेमके काय बिघडले ते सांगता येत नाही. आमच्याकडे एम. एस. सथ्यूंचा 'गर्म हवा' लागला होता. सुरुवातीलाच आग्र्याच्या स्टेशनवर सलीम मिर्झा, म्हणजे बलराज साहनी, गाडीला निरोप देतात आणि मग टांग्याने घरी निघतात. अब्बा थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "बेटा, ये तो सीरियल जैसा दिखता है."

अब्बांना तांत्रिक शब्द माहीत नाहीत, पण त्यांची नजर बरोबर होती. 1973 चा हा चित्रपट फिल्मवर, एका सेकंदाला 24 चित्रे या वेगाने घेतलेला आहे. आपला टीव्ही मात्र सेकंदाला साधारण 60 वेळा पडदा बदलतो. साध्या पद्धतीत तो एक चित्र तीनदा, पुढचे दोनदा असे दाखवून 60 चा हिशोब जुळवतो. नवे टीव्ही तेवढ्यावर थांबत नाहीत. दोन चित्रांच्या मध्ये काय घडले असेल याचा अंदाज बांधून ते स्वतःच नवी चित्रे तयार करतात. म्हणजे त्या 60 पैकी किमान 36 चित्रे कॅमेऱ्याने कधी घेतलीच नव्हती. हालचाल गुळगुळीत होते आणि चित्रपट व्हिडिओवर घेतलेल्या मालिकेसारखा दिसू लागतो. शिवाय हा अंदाज चुकतोही. टांगा पुढे सरकताना त्याच्या कडेभोवतीची हवा थरथरल्यासारखी दिसते, झपकन हललेल्या हाताची बोटे क्षणभर वितळल्यासारखी होतात. हे दिसले की समजावे, टीव्ही मधली चित्रे भरतो आहे.

उपाय रिमोटवरच आहे. आधी Settings मध्ये जाऊन Picture Mode उघडावा आणि Standard किंवा Vivid ऐवजी Cinema, Movie किंवा असेल तर Filmmaker Mode निवडावा. बऱ्याच टीव्हींत एवढ्यानेच अर्धे काम होते, पण मधली चित्रे भरणे बंद झालेच असेल असे धरून चालू नये. ते वेगळे तपासावे. सॅमसंगवर त्याचे नाव Picture Clarity, एलजीवर TruMotion, सोनीवर Motionflow असे असते. ते Off करावे.

यानंतर कॅमेरा सावकाश बाजूला वळतो तेव्हा चित्र किंचित अडखळल्यासारखे वाटते. तो बिघाड नाही, 24 चित्रांचा तो मूळ स्वभावच आहे. फारच खटकले, तर Custom मध्ये जाऊन Judder चा आकडा 1 किंवा 2 इतकाच ठेवावा. क्रिकेट व्हिडिओवरच चित्रित होते, त्यामुळे त्यासाठी वेगळा मोड ठेवायला हरकत नाही.

दुसरी गोष्ट Sharpness. नाव ऐकून वाटते, जितके जास्त तितके स्पष्ट. प्रत्यक्षात टीव्ही कडेजवळचा उजेड-अंधार वाढवून प्रत्येक वस्तूला एक फिकट किनार काढतो. नवा तपशील कुठून येणार? मला हे ओळखायला जुन्या चित्रपटांच्या श्रेयनामावलीतली उर्दू अक्षरे उपयोगी पडतात. नुक्त्यांभोवती पांढरट वलय दिसले की Sharpness जास्त आहे. आकडा एकेक करून खाली आणावा आणि वलय नाहीसे होईल तिथे थांबावे. अनेक टीव्हींवर ते शून्याजवळ येते, सोनीवर मात्र 50 हाच मधला, तटस्थ आकडा असतो. त्यामुळे आकड्यापेक्षा अक्षरावर भरवसा ठेवावा. चेहऱ्यावर याचा फरक मोठा पडतो. जास्त Sharpness मध्ये फिल्मचे बारीक कण वाळूसारखे टोचतात आणि साहनींच्या थकलेल्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या पेनाने काढल्यासारख्या होतात. त्या चेहऱ्यावर तर सगळा चित्रपट उभा आहे.

मोड बदलल्यावर घरातून पहिली तक्रार येते: "पिवळं झालं, अंधारलं." Standard मधला पांढरा रंग निळसर असतो आणि डोळ्यांना त्याची सवय झालेली असते. ट्यूबलाइट बंद करून वीसेक मिनिटे पाहिले की पांढरा पुन्हा पांढरा वाटू लागतो. तरीही चित्र अंधारलेले वाटले, तर वीज वाचवण्याची सेटिंग चालू आहे का ते बघावे. ती उजेड गुपचूप कमी करते. दिवसा खिडकीतून ऊन येत असेल तर Backlight वाढवावा, मोड बदलू नये.

एक शेवटची खबरदारी. बऱ्याच टीव्हींत या सेटिंग्ज प्रत्येक जोडणीसाठी वेगळ्या साठवल्या जातात. सेट-टॉप बॉक्सवर केलेला बदल टीव्हीतल्या ॲपला लागू होईलच असे नाही, आणि एचडीआर चित्रपटासाठी तर सगळे पुन्हा बघावे लागते. म्हणून ज्या मार्गाने चित्रपट पाहणार, तो चालू असतानाच मेनू उघडावा.