झारीतील शुक्राचार्य

मुलांची प्रतवारी करण्याचे एक साधे माप आपल्या समाजात फार दिवसांपासून चालत आले आहे. पुस्तक उघडून मुलाला उभे करावे, चार ओळी मोठ्याने वाचावयास सांगावे आणि तो अडखळला की त्याला ‘ढ’ म्हणावे. वर्णमालेतील एका निरुपद्रवी अक्षराला एखाद्या जिवंत मुलाच्या कपाळावर चिकटवून देण्याची ही रीत इतकी अंगवळणी पडली आहे, की या मापाने नेमके काय मोजले गेले, हे कोणी विचारीत नाही. मुलाची बुद्धी मोजली गेली, की केवळ कागदावरच्या खुणा ध्वनीत पालटण्याची त्याची गती? या दोन गोष्टी एक नव्हेत, हे आम्हांला एका मुलाने दाखवून दिले. त्याची हकीकत वाचकांपुढे ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतू.

पेडणे महालातील एका मराठी शाळेत वार्षिक संमेलनासाठी नाटक बसविण्याचे काम काही वर्षे आमच्याकडे आहे. २०१८ साली बळी आणि वामन यांचे आख्यान घेतले होते. पात्रे निवडण्यासाठी मुलांना गोलाकार बसवून संहितेची पाने वाटली आणि प्रत्येकाला थोडेथोडे वाचावयास सांगितले. सहावीतील एका मुलाच्या वाट्याला शेवटच्या प्रवेशातील वाक्य आले. वामनाने बळीला पाताळात धाडले, असे ते वाक्य होते. बराच वेळ बोट ओळीवर फिरवून तो म्हणाला, “वामनाने बळीला पातळात धाडले.” वर्गात हशा पिकला. मुलाने पान खाली ठेवले आणि तो इतका शांत बसला, की हे हसू त्याच्या नित्य परिचयाचे असावे, हे आमच्या ध्यानी आले. पुढे कोणीतरी परस्पर ठरवून टाकले, की याला द्वारपाल करावे. द्वारपालाला दोनच वाक्ये होती.

त्या मुलाचे वाचन आम्ही पुढील काही दिवस लक्षपूर्वक ऐकले. ‘किरण’ या शब्दाशी तो हमखास थांबे. ऱ्हस्व वेलांटी कागदावर व्यंजनाच्या आधी दिसते आणि तोंडाने मात्र नंतर उच्चारावी लागते. ‘धर्म’ मधला रफार लिहिताना पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो, बोलताना त्याच्या आधी येतो. भ आणि म, घ आणि ध ही जोडपी त्याला नित्य फसवीत. सर्वांत चकित करणारी गोष्ट ही, की वरच्या ओळीत अचूक वाचलेला शब्द खालच्या ओळीत त्याला अनोळखी वाटे. आळशी मुलाच्या चुका अशा नसतात. आळशी मूल घाईने वाचते आणि ओळ गाळते. हा मुलगा प्रत्येक अक्षराशी झुंजत होता, आणि दहा ओळींनंतर त्याच्या कपाळावर घाम दिसे.

या अवस्थेला डिस्लेक्सिया म्हणतात. बोलणे मूल ऐकता ऐकता आपोआप शिकते. लिपी मात्र मनुष्याने निर्मिलेली वस्तू आहे. वाचणाऱ्याला बोललेल्या शब्दाचे मनातल्या मनात तुकडे पाडून प्रत्येक तुकडा एकेका खुणेशी बांधावा लागतो. बहुतेकांची ही बांधणी काही वर्षांत इतकी सहज होते, की ती करीत आहोत याचे भानही उरत नाही. काही मुलांच्या बाबतीत मात्र ती जन्मतःच कष्टाची असते. त्यांत डोळ्यांचा दोष नसतो आणि बुद्धीचाही नसतो. इंग्लंडातील डॉ. प्रिंगल मॉर्गन यांनी १८९६ साली अशाच एका चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. सगळे शिक्षण तोंडी असते तर हा मुलगा शाळेत सर्वांत हुशार ठरला असता, असा अभिप्राय त्याच्या शिक्षकाने दिला होता. आमच्या पेडण्याच्या मुलाला हे वर्णन अक्षरशः लागू पडत होते.

ते आम्हांला कळले असे. तालमी सुरू होऊन आठ-दहा दिवस झाल्यावर हा मुलगा द्वारपालाची वाक्ये कागद हातात धरून घडघडा म्हणू लागला. त्याचे वाचन सुधारले, असे इतरांना वाटले. आम्ही त्याच्या पानावरील एक शब्द बदलून पाहिला. ‘महाराज’ होते तेथे ‘दानशूर’ लिहिले. त्याने शांतपणे ‘महाराज’ असेच म्हटले. तो वाचीत नव्हता. ऐकून पाठ केलेले बोलत होता. अशा मुलांची खरी स्थिती पुष्कळदा याच कारणाने वर्षानुवर्षे झाकून राहते. मग आम्ही त्याला सहज विचारले, की शुक्राचार्याचे पुढचे वाक्य काय? त्याने ते सांगितले. बळीचे? तेही. गोलात बसून सर्वांची भाषणे त्याच्या कानांत उतरली होती. सगळे नाटक त्याच्याजवळ होते आणि आम्ही त्याला दाराशी उभे केले जात होते, हे पाहत होतो.

आमच्या या भागात दशावतार जाणत नाही असा माणूस विरळा. जत्रेच्या रात्री पालखी झाल्यावर जे आख्यान उभे राहते, त्याला परंपरेने लिखित संहिता नसते. कोणते आख्यान, कोणाचे पात्र, कोणता प्रसंग कोठे येणार, एवढे आधी ठरते. संवाद नट रंगभूमीवर आपल्या वाणीने रचतो. त्या कलेत कागदावाचून काही अडत नाही. तेव्हा आम्ही दुसऱ्या दिवशी सर्व पाने गोळा करून कपाटात ठेवली आणि मुलांना सांगितले, की आज संवाद म्हणावयाचे नाहीत. प्रत्येकाने एक पात्र घ्यावे आणि त्या पात्राला काय दिसते तेवढे सांगावे.

कथा वाचकांना ठाऊकच आहे. वामनाला दान देण्यासाठी बळी संकल्पाचे पाणी सोडू लागतो, तेव्हा ते अडविण्यासाठी शुक्राचार्य सूक्ष्म रूपाने झारीच्या तोटीत जाऊन बसतात. वामन दर्भाची काडी तोटीत घालतो आणि शुक्राचार्यांचा एक डोळा फुटतो. ‘झारीतील शुक्राचार्य’ हा वाक्प्रचार आपण आडकाठी करणाऱ्याला लावतो, आणि झारीकडे नेहमी बाहेरून पाहतो. या मुलाने ती आतून पाहिली. घरच्या कोंकणीतच त्याने आरंभ केला : “हांव भितर आसां. फाटल्यान उदक धुकलता, मुखार काळोख.” मागून पाणी रेटते आहे, पुढे अंधार आहे, बाहेरचे बोलणे घुमून ऐकू येते आहे, शिष्य आपले ऐकत नाही याचे दुःख आहे, आणि तेवढ्यात समोरून काहीतरी टोकदार आत येते आहे! मुले हलली नाहीत. ज्यांनी ‘पातळा’वर हसून घेतले होते, तीच आता पुढे सरकून बसली होती. शुक्राचार्य कोणी करावा, हे त्या दिवशी कोणाला ठरवावे लागले नाही.

त्यानंतरचे काम पद्धतशीर करावे लागले. तो बोलेल ते आठवीतील एका मुलीने जसेच्या तसे लिहून घ्यावे, मग त्यालाच वाचून दाखवावे, असा क्रम ठेवला. भाषणाचे दोन-दोन वाक्यांचे तुकडे मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून दिले. प्रत्येक तुकडा रंगमंचावरील एखाद्या जागेशी आणि हालचालीशी बांधला, म्हणजे पाऊल टाकताच शब्द आठवावेत. एक पथ्य सर्वांनी पाळावयाचे होते : संवादातील बदल त्याला चिठ्ठीवर लिहून द्यावयाचा नाही, तोंडानेच सांगावयाचा. एकदा ऐन वेळी कोणीतरी चिठ्ठी दिली, तेव्हा तो पुन्हा पहिल्या दिवसासारखा गप्प झाला होता. आणि रोज त्याच्याच भाषणातील पाच शब्द घेऊन तो ताटात पसरलेल्या तांदळांवर बोटाने अक्षरे काढी, काढताना आवाज उच्चारी. वेलांट्या आणि काने आम्ही तांबड्या शाईने लिहून देत असू. परक्या धड्यातील शब्दांहून स्वतः बोललेला शब्द त्याला लवकर ओळखू येई, कारण तो पुढे काय येणार हे त्याला माहीत असे.

प्रयोग देवळाच्या सभामंडपात झाला. दर्भ टोचला त्या क्षणी मुलाने एक डोळा हाताने झाकला, क्षणभर थांबला आणि संहितेत नसलेले वाक्य बोलला : “ओळखलं मी. पण दिलं त्यानं.” देवाला ओळखणारा गुरू आणि देवाला सर्वस्व देणारा शिष्य, यांतला भेद अकरा वर्षांच्या मुलाने पाच शब्दांत सांगितला. पुढच्या रांगेतील वृद्ध मंडळींनी माना डोलावल्या.

येथे ही गोष्ट संपविली असती तर ती गोड झाली असती, पण खरी झाली नसती. नाटकाने मुलाचे वाचन सुधारले नाही. उलट नवेच संकट उभे राहिले. इतके लांब भाषण पाठ करणारा मुलगा चार ओळी वाचू शकत नाही, याचा अर्थ तो ढोंग करतो, असे शाळेत बोलले जाऊ लागले. आधी मतिमंद म्हणत होते, आता लबाड म्हणू लागले. म्हणून आम्ही त्याच्या वडिलांची भेट घेऊन रीतसर तपासणीचा आग्रह धरला. तपासणीने मुलावर शिक्का बसेल, ही त्यांची भीती होती. शिक्का तर बसलेलाच आहे, निदान तो खरा तरी असावा, असे आम्ही म्हणालो. प्रथम डोळे आणि कान तपासले. दोन्ही ठीक निघाले. मग मानसशास्त्रज्ञांनी त्याची सामान्य बुद्धी एकीकडे आणि वाचन, लेखन, गणित दुसरीकडे, असे स्वतंत्रपणे पाहिले. बुद्धी चांगली आणि वाचन वयाच्या पुष्कळ मागे, असा निष्कर्ष आला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या अवस्थेचा समावेश आहे, आणि तसे प्रमाणपत्र असल्यास परीक्षेत अधिक वेळ किंवा लेखनिक अशा सवलती मिळू शकतात. त्याला त्या मिळाल्या. दोष मुळातून नाहीसा करणारे औषध नाही; सावकाश, क्रमाने, ध्वनी आणि अक्षर यांची जोडणी पुन्हापुन्हा शिकविणे हाच उपाय आहे, आणि त्यानंतरही वाचनाची गती बहुधा कमीच राहते.

दोन वर्षांनी त्याने आम्हांला आपली वही दाखविली. तीत सांगून लिहवून घेतलेल्या सहा गोष्टी होत्या, आणि सातवी त्याने स्वतःच्या हाताने लिहिली होती. ती अकराच ओळींची होती. बळी पाताळात कसा राहतो, याची ती गोष्ट. पहिल्या ओळीत ‘पाताळ’ बिनचूक होते. सातव्या ओळीत ‘पातळ’ झाले होते, आणि त्या शब्दाखाली त्याने स्वतःच तांबड्या शाईने रेघ ओढून, सुटलेला काना वर लिहिला होता.