पिशवीतली नवी गोळी

ऑगस्टमध्ये आपल्याकडे प्लेटलेट्स कमी झाल्या म्हणजे डेंग्यू, हे समीकरण इतकं पक्कं आहे की रिपोर्टवरचा आकडा बघून शेजारच्या काकूसुद्धा निदान करतात. माझ्या आत्याच्या प्लेटलेट्स ७,००० आल्या, तेव्हा मी सांगलीला पोचायच्या आत पपईच्या पानांचा रस पोचला होता. प्लेटलेट्स साधारण दीड लाख ते साडेचार लाख असतात. ७,००० म्हणजे कधी, कुठून रक्त येईल याची खात्री नाही.

पण आत्याला ताप नव्हता. आधीही आलेला नव्हता. अंग दुखत नव्हतं, भूक व्यवस्थित होती. सोमवारी संध्याकाळी तिला नडग्यांवर टाचणीच्या डोक्याएवढे लाल ठिपके दिसले. तिला वाटलं, डास चावले. मंगळवारी सकाळी दात घासताना हिरड्यांतून रक्त आलं आणि गालाच्या आतल्या बाजूला काळपट रक्ताचे फोड दिसले. ठिपक्यांपेक्षा आम्हा डॉक्टरांना हे तोंडातले फोड जास्त घाबरवतात, कारण मोठा रक्तस्राव फार लांब नाही असा त्यांचा अर्थ होऊ शकतो.

मी पॅथॉलॉजीत एमडी करते आहे, त्यामुळे पोचल्यावर आधी लॅबमध्ये गेले आणि स्लाइड मागितली. कधी कधी नळीतल्या रसायनामुळे प्लेटलेट्सचे गठ्ठे होतात आणि मशीन त्यांना मोजतच नाही. आकडा खोटा येतो. इथे गठ्ठे नव्हते. प्लेटलेट्स खरोखरच नव्हत्या, ज्या चार-दोन दिसल्या त्या आकाराने मोठ्या होत्या. म्हणजे अस्थिमज्जा घाईघाईने नव्या बनवून पाठवत होती आणि बाहेर त्या कुणीतरी फस्त करत होतं. बाकी लाल आणि पांढऱ्या पेशी अगदी ठीक होत्या, तुटलेल्या लाल पेशी नव्हत्या. डेंग्यूच्या दोन्ही तपासण्या निगेटिव्ह आल्या.

अशा वेळी दोन शक्यता उरतात. एक म्हणजे आयटीपी: शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच प्लेटलेट्सवर उलटते, कारण सापडत नाही, आजार महिनोन् महिने चालू शकतो. दुसरी म्हणजे एखाद्या औषधाने हेच घडवलं असणं. पहिल्या दिवशी दोन्ही अगदी सारखे दिसतात. फरक स्लाइडवर नाही, औषधांच्या पिशवीत सापडतो.

मी आत्तेभावाला म्हटलं, "दादा, घरातली सगळी औषधं आण. चिठ्ठ्या नकोत, गोळ्याच आण." चिठ्ठीवर नसलेल्या गोष्टी पिशवीत असतात. पिशवीतून निघालं ते असं: ब्लडप्रेशरची अॅम्लोडिपिन, सहा वर्षांपासून. थायरॉइडची गोळी, दहा वर्षांपासून. पॅरासिटामॉल, अधूनमधून. आणि लघवीच्या जळजळीसाठी दिलेलं कोट्रायमॉक्साझोल, दहा दिवसांचा कोर्स, आदल्या सोमवारी सुरू केलेला. ठिपके आले तो आठवा दिवस.

हा आठवडाभराचा अवकाश महत्त्वाचा आहे. पहिल्यांदाच घेतलेल्या औषधाविरुद्ध अँटिबॉडी तयार व्हायला शरीराला साधारण पाच ते दहा दिवस लागतात. वर्षानुवर्षं चालू असलेली गोळी अचानक असं करणं फार विरळ. म्हणून गेल्या दोन आठवड्यांत नवीन काय आलं, हा पहिला प्रश्न. मात्र तेच औषध आधी कधी घेऊन अँटिबॉडी तयार झालेली असेल, तर पुढच्या वेळी एवढी वाट पाहावी लागत नाही. काही तासांतच प्लेटलेट्स कोसळतात.

यात औषध नेमकं करतं काय? कुऱ्हाडीचा दांडा ढिला असला की आपण पाचर ठोकतो, मग तो घट्ट बसतो. या अँटिबॉडीचं तसंच आहे. एकटी असताना तिची प्लेटलेटवर पकड बसत नाही. रक्तात औषध असेल तर ते पाचरीसारखं मध्ये बसतं, पकड घट्ट होते, आणि अँटिबॉडी चिकटलेली प्लेटलेट प्लीहेत नष्ट होते. पाचर निघाली की पकड सुटते. म्हणूनच औषध थांबवणं हाच इथे मुख्य उपचार आहे. ते चालू ठेवून बाहेरून प्लेटलेट्स चढवल्या, तर त्याही त्याच वाटेने जातात.

कोट्रायमॉक्साझोल मंगळवारी सकाळीच थांबवलं. रक्ततज्ज्ञांनी त्याच दिवशी स्टिरॉइडही सुरू केलं. ते योग्यच होतं. आयटीपी असेल तर वाट पाहणं परवडलं नसतं. बुधवारी आकडा ६,००० आला आणि दादा रात्रभर कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारत होता. औषध शरीरातून निघून जायला एक-दोन दिवस लागतात, हे त्याला सांगून उपयोग नव्हता. गुरुवारी १९,०००. शुक्रवारी ४८,०००. रविवारी १,३२,०००. पुढच्या मंगळवारी २,४०,०००.

सगळे सुटलो असं म्हणत होते, आणि मला डिस्चार्ज कार्डवर दिसलं: 'आयटीपी, स्टिरॉइडला उत्तम प्रतिसाद'.

मी यावर अडून बसले. नावाने काय फरक पडतो, असं दादाही म्हणाला. फरक असा की, कार्डवर आयटीपी राहिलं तर आत्याला अनेक महिने स्टिरॉइड मिळणार, शुगर वाढणार, आणि पुढच्या वेळी लघवीला जळजळ झाली की कुणीतरी निर्धास्तपणे तेच कोट्रायमॉक्साझोल लिहून देणार. अँटिबॉडी वर्षानुवर्षं राहू शकते. त्या वेळी आठ दिवस मिळणार नाहीत.

रक्ततज्ज्ञांनी ऐकून घेतलं, पण त्यांचा मुद्दाही खरा होता. स्टिरॉइड आणि औषध थांबवणं एकाच दिवशी झालं. श्रेय कुणाचं, हे कसं ठरवणार? औषधावर अवलंबून असलेली अँटिबॉडी शोधणारी चाचणी मोजक्या खास प्रयोगशाळांत होते, निकालाला वेळ लागतो, आणि निगेटिव्ह आली तरी औषध निर्दोष ठरत नाही. तेच औषध पुन्हा देऊन बघणं सगळ्यात ठोस पुरावा, पण तो प्रयोग कुणी करू नये.

मग उरतात ते १९९८ साली अमेरिकेतल्या जेम्स जॉर्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेले साधे निकष. औषध आधी, प्लेटलेट्स नंतर कमी, आणि ते थांबवल्यावर पूर्ण भरून येऊन तशाच टिकणं. बाकीची औषधं चालू ठेवूनही टिकणं. दुसरं कारण न सापडणं. या तिन्ही गोष्टी जुळल्या तर औषध 'बहुधा' दोषी. पुन्हा घेतल्यावर पुन्हा तसंच झालं तरच 'निश्चित'.

रक्ततज्ज्ञांनी स्टिरॉइड लवकर कमी करत बंद केलं. आयटीपी असती तर प्लेटलेट्स बहुतेक पुन्हा घसरल्या असत्या. सप्टेंबरअखेर २,६०,०००, तेही स्टिरॉइडशिवाय. अॅम्लोडिपिन आणि थायरॉइडची गोळी एक दिवसही चुकली नव्हती, त्यामुळे त्या सुटल्या. ऑक्टोबरमध्ये आत्याला ताप आला, डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल घेतलं, दोन दिवसांनी रक्त तपासलं, आकडा तसाच. पॅरासिटामॉलही सुटलं.

नोव्हेंबरच्या कार्डवर निदान बदललं. मी आत्याच्या पर्ससाठी वेगळी चिठ्ठी केली आणि तिच्यावर ब्रँडचं नाव लिहिलं नाही, कारण हेच औषध आपल्याकडे वेगवेगळ्या नावांनी मिळतं आणि एक नाव टाळून माणूस तेच दुसऱ्या नावाने गिळतो. त्या एका गोळीत दोन औषधं असतात, आणि दोषी कुठलं ते आम्हाला कळलेलं नाही. म्हणून दोन्ही लिहिली: सल्फामेथॉक्साझोल, ट्रायमेथोप्रिम. खाली, 'प्लेटलेट्स ६,००० पर्यंत गेल्या होत्या. पुन्हा कधीही देऊ नये.'

आत्याने चिठ्ठी वाचली, घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि म्हणाली, "अगं, हे मराठीत लिहिलंस ते ठीक, पण मेडिकलवाल्यासाठी इंग्रजीतही लिही की." मागच्या बाजूला इंग्रजीत लिहून दिलं.